काँक्रीटची टाकी का पाझरते ?

भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याने उन्हाळ्यात पाण्याची टाकी बांधावयास घेतली आहे, असे समजू. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग पावून ते दगडासारखे बनते. ५० किलोच्या पोत्यास या क्रियेसाठी सुमारे १९ लिटर पाणी पुरते. माल नीट कालवता यावा म्हणून २५ लिटरपर्यंत घ्यावे. ओल्या वाळूतील पाणी त्यातच मोजावे. ३५ लिटर घातल्यास जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. अशी टाकी कमजोर होते व पाझरते. कालवलेल्या ढिगातून पाणी ओघळू लागल्यास ते जास्त झाले असे समजावे.

याउलट, उन्हाने काँक्रीट लवकर सुकल्यास संयोग अर्धवट थांबतो. म्हणून ते घट्ट होताच ओली गोणपाटे पसरून किमान १० दिवस सतत भिजत ठेवावीत.