प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वीचा एक फुलस्केप कागद

भूगोलाची प्रात्यक्षिक परीक्षा म्हटली की ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन आणि समोच्च रेषा हेच चित्र आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे येते. आता मात्र विद्यार्थी क्यूजीआयएस या संगणक-प्रणालीत नकाशा तयार करतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन्सिलींना टोके काढण्याऐवजी मला वीस संगणक तयार करावे लागतात. त्या कामासाठी मी एक फुलस्केप कागद आखतो. त्यावर संगणकांच्या क्रमांकांच्या वीस ओळी आणि सहा रकाने असतात. आमच्यासारख्या इतर विभागांतील अध्यापकांना उपयोग व्हावा म्हणून त्या कागदाची हकीकत येथे देत आहे.

आमचे वीस संगणक निरनिराळ्या वर्षी घेतलेले आहेत. एकावर क्यूजीआयएसची जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर नवी. तोच नकाशा एका पडद्यावर नीट उघडे, तर दुसऱ्यावर कोरा दिसे. अशा स्थितीत गुण विद्यार्थ्याला द्यावयाचे की यंत्राला, असा प्रश्न पडे. त्यावर उपाय म्हणजे आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत फाइलच्या रूपाने राहणारा दुसरा संगणक. मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये असे एक मूळ यंत्र तयार करतो. त्यात उबंटू, क्यूजीआयएस, परीक्षेची माहिती आणि मराठी कळफलक बसवतो आणि आपोआप होणारी अद्ययावतता बंद करतो. मग त्याची एकच फाइल बाहेर काढून ती वीस ठिकाणी नेतो. आमची फाइल सुमारे ६ जीबीची होते.

पहिला रकाना ‘आभासीकरण चालू’ असा आहे. विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या Performance या पानावर CPU निवडले की Virtualization: Enabled असे दिसले पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते. आमच्याकडे कमीत कमी ८ जीबी स्मृतीचे संगणक आहेत, म्हणून आभासी यंत्राला सर्वत्र ४ जीबीच देतो. काहींवर १६ जीबी आहे, पण तेथे जास्त द्यायचा मोह टाळावा. नाहीतर सारखेपणा तेथेच संपला.

दुसरा रकाना प्रतीचा. पेनड्राइव्ह FAT32 पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही; तो आधी exFAT करून घ्यावा. नेटवर्कवरून न्यायची असेल तर वेळेचा हिशेब करावा. आमचा जुना स्विच १०० मेगाबिटचा. त्यावरून सेकंदाला जेमतेम ११ एमबी जातात, म्हणजे एका प्रतीला नऊ मिनिटे आणि वीस प्रतींना तीन तास. सगळीकडे एकदम सुरू केले तरी देणारा संगणक एकच असल्याने तीन तासच लागतात.

तिसरा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक संगणकावर ही आज्ञा द्यायची:

```
certutil -hashfile bhugol.ova SHA256
```

फाइलमधील मजकुरावरून काढलेली ६४ अक्षरांची एक ओळ मिळते. फाइल तीच असेल तर ओळही तीच येते. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरे ताडून पाहिली की आपल्या कामापुरते भागते. कोणी म्हणेल, फाइल बिघडलेली असती तर ती आत घेतानाच व्हर्च्युअलबॉक्सने तक्रार केली असती. खरे आहे, पण आमच्या तेराव्या संगणकावर बिघडलेली नव्हे, तर आदल्या दिवशीची फाइल राहिली होती. नाव तेच, फाइल धडधाकट, फक्त तीत दुरुस्त केलेला नदीचा थर नव्हता. ओळ जुळली नाही म्हणूनच ते कळले.

येथपर्यंत सर्व प्रती सारख्या हव्यात. चौथ्या रकान्यात मात्र त्या वेगळ्या हव्यात! प्रत्येक नेटवर्क कार्डाला एक ओळख-क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. फाइल आत घेताना MAC Address Policy असा पर्याय येतो. तेथे सर्व पत्ते जसेच्या तसे ठेवा असे निवडले, तर वीस यंत्रे एकाच नावाने हाक मारू लागतात. एका वर्षी मी नेमके तेच केले होते आणि नेटवर्क Bridged Adapter ठेवले होते. रंगीत तालमीत नकाशे माझ्या संगणकावर पाठवू लागताच कधी पाचव्याचे जाई, कधी नवव्याचे अडकून पडे. वायर बदलण्यात माझा तास गेला. शेवटी दोन यंत्रांत `ip link` ही आज्ञा दिली, तेव्हा दोन्हीकडे तोच पत्ता दिसला. आता मी Generate new MAC addresses for all network adapters निवडतो आणि नेटवर्क NAT ठेवतो. NAT असताना वीसही यंत्रे आपला आयपी पत्ता 10.0.2.15 असाच दाखवतात. नवा माणूस त्याने घाबरतो, पण ते योग्यच आहे. प्रत्येक यंत्र आपापल्या संगणकाच्या आडोशाला असते.

यानंतर प्रत्येक यंत्र एकदा उघडून परीक्षेचा नकाशा दिसतो का आणि एका ठरावीक तालुक्याचे क्षेत्रफळ सर्वत्र तेच येते का, हे पाहतो. मग यंत्र पूर्ण बंद करून त्या स्थितीची नोंद घेतो:

```
VBoxManage snapshot bhugol take suruvat
```

(विंडोजवर ही आज्ञा व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरमध्ये जाऊन द्यावी लागते.) यंत्र चालू असताना नोंद घेतली तर परत आणल्यावर त्याचे घड्याळ जुनीच वेळ दाखवू शकते, म्हणून आधी बंद करणे बरे. पहिली बॅच गेल्यावर `take` ऐवजी `restore` लिहिले की यंत्र पुन्हा जसेच्या तसे होते आणि दुसऱ्या बॅचला पहिलीचे काम दिसत नाही. हा पाचवा रकाना.

सहावा रकाना एका चुकीतून आला. दोन बॅचमध्ये अर्ध्या तासाचे अंतर होते आणि घाईत मी ओळीने सर्व यंत्रे मूळ स्थितीला नेली. सातव्या संगणकावरील मुलीचा नकाशा अजून माझ्याकडे आलेला नव्हता. तिने तो यंत्रातच जतन केला होता, आणि तो यंत्राबरोबर पुसला गेला. खिडकीतील बटणाने हे केले असते तर व्हर्च्युअलबॉक्सने चालू स्थितीचीही नोंद ठेवू का, असे विचारले असते आणि ती खूण आधीपासून केलेलीच असते. आज्ञा काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला परीक्षा पुन्हा द्यावी लागली. तिने काही बोलून दाखवले नाही, त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

तेव्हापासून ‘काम मिळाले’ हा रकाना मी कागदावर ‘मूळ स्थिती’च्या आधी आखतो. फाइल माझ्या संगणकावर उघडून पाहिल्यावर विद्यार्थी स्वतः तेथे सही करतो. वीस सह्या झाल्याखेरीज `restore` लिहायचे नाही.

खरे म्हणजे सह्या अठराच होतात. वीस संगणक असले तरी मी एका बॅचला अठराच विद्यार्थी बसवतो आणि दोन यंत्रे राखीव ठेवतो. त्यामुळे चाळीस विद्यार्थ्यांच्या दोनऐवजी तीन बॅच कराव्या लागतात. कार्यालयाला ते पसंत नाही आणि दर वर्षी त्यावरून थोडी बोलाचाली होते. परंतु ऐन वेळी एखाद्या संगणकाचा पुरवठा जळाला, तर राखीव यंत्रावर मूल पाच मिनिटांत बसते. गेलेला वेळ तेवढा त्याच्या कागदावर लिहून मी वाढवून देतो.