रात्री पावणेअकराचं ‘जरा बघून सांग’

बाळा, तुझ्या मॅनेजरचा मेसेज वाचला. ‘उद्याच्या डेकमधले रिजनवाइज आकडे अपडेट झालेत का? जरा बघून सांग.’ वेळ रात्रीची पावणेअकरा. आणि तुझा मला प्रश्न, ‘आत्या, आता काय लिहू?’ असे मेसेज मी वर्षानुवर्षं घेतलेही आहेत आणि पाठवलेही आहेत, म्हणून दोन्हीकडचं सांगते. आत्ता तिसरा मुद्दा बघून उत्तर दे. बाकीचं मात्र सकाळी चहाबरोबर वाच, अंथरुणात नको.

१. मेसेज शांतपणे दोनदा वाच आणि त्यात ‘कधीपर्यंत’ लिहिलंय का ते शोध — नसेल तर बहुतेक वेळा तो विसरू नये म्हणून लिहिलेला असतो. मुलं झोपली, घर निवांत झालं की दिवसभराचं राहिलेलं एकेक आठवतं, आणि ज्याचं त्याला कळवून माणूस मोकळा होतो. तू इकडे घाम पुसत असतेस, तोवर ते घोरायला लागलेले असतात.

२. मग स्वतःला एवढंच विचार: हे उद्या साडेनऊला केलं तर काय बिघडेल? — काहीच बिघडणार नसेल तर उत्तरही साडेनऊला. सकाळी लवकर लागणार असेल तर आत्ता एक ओळ. सिस्टिम बंद पडलीय, ग्राहकाचे पैसे अडकलेत, तर मात्र निमूट उठायचं आणि कुरकुर दुसऱ्या दिवशी करायची.

३. तुझा मेसेज मधल्या जातीचा आहे, कारण क्लायंटची मीटिंग दहाला आहे. तेव्हा एवढंच लिही: ‘पाहिलं सर. शुक्रवारपर्यंतचे आकडे डेकमध्ये आहेत, आजचे सकाळी साडेनऊपर्यंत टाकते. त्याआधी हवे असतील तर फोन करा.’ — यात त्यांना हव्या त्या तिन्ही गोष्टी आहेत: काय झालंय, उरलेलं कधी होईल, आणि अगदीच अडलं तर काय करायचं. ओ लगेच द्यावी, काम वेळेवर द्यावं.

यातलं एकही वाक्य गाळू नकोस, बरं का. नुसतं ‘ओके सर’ लिहिलंस तर ते ‘आत्ताच करतेय’ असं समजतात आणि साडेअकराला ‘झालं का?’ येतं. ‘सॉरी सर, जेवत होते, लगेच बघते’ हे तर त्याहून वाईट. रात्री जेवल्याबद्दल माफी कसली मागतेस? आणि साडेनऊ लिहिलंस तर सव्वानऊला आकडे टाक — एकदा सकाळची वेळ चुकली की पुढच्या वेळी तुझ्या शब्दावर झोपायची त्यांची हिंमत होणार नाही.

४. उत्तर दिल्यावर त्याच रात्री फाइल उघडू नकोस, ‘बघू तरी’ म्हणूनसुद्धा नाही — सव्वाअकराला आकडे पाठवलेस तर पुढच्या वेळी सव्वाअकरा हीच तुझी वेळ ठरते. पहिल्या रात्री हौस, दर रात्री हक्क.

५. व्हॉट्सॲपवरचा मेसेज आधी वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचून घे — चॅट उघडलं की निळ्या टिका जातात, आणि निळी टिक बघून थांबलेला माणूस जास्त चिडतो. टिका सेटिंगमधून बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये त्या दिसतातच, तेव्हा टीमच्या ग्रुपमध्ये डोकावताना जपून.

६. रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाक आणि त्यात पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याची सोय चालू ठेव — अँड्रॉइडवर तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हा घंटी वाजते, आयफोनवर तीन मिनिटांत. खरंच आग लागली तर कळेल या भरवशावर झोप लागते.

७. ही फोनची गोष्ट मॅनेजरना सांगायची ती दिवसा, तुमच्या दोघांच्या नेहमीच्या बोलण्यात, त्या रात्रीच्या मेसेजखाली नाही — रात्री लिहिलेली अट भांडणासारखी वाचली जाते. म्हणायचं, ‘सर, साडेनऊनंतर मी मेसेज बघेनच असं नाही. प्रोडक्शन अडलं किंवा क्लायंट लाइनवर असेल तर दोनदा फोन करा, मी उचलेन. बाकीचं सकाळी साडेनऊला पहिलं करते.’ ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ हा शब्द काढूच नकोस. तो ऐकला की त्यांना एचआरचं ट्रेनिंग आठवतं आणि कान मिटतात. कामाचं काय होणार, एवढंच सांग. फोन करायला माणूस मेसेजपेक्षा दहापट कचरतो, त्यामुळे निम्मी ‘अर्जंट’ कामं तिथेच गळतात.

८. संध्याकाळी निघताना तीन ओळी पाठवायची सवय लाव: आज काय झालं, काय राहिलं, फाइल कुठे आहे — आज सहा वाजता ‘शुक्रवारपर्यंतचे आकडे डेकमध्ये, आजचे उद्या सकाळी’ एवढं गेलं असतं तर पावणेअकराचा मेसेज आलाच नसता. या सगळ्या यादीत मला विचारशील तर खरं औषध हेच आहे.

९. अमेरिकेच्या क्लायंटबरोबर काम असेल तर नोव्हेंबरच्या आधीच कॉलची वेळ बोलून घे — त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, आणि आपल्याकडचा साडेआठचा कॉल काही न बोलता साडेनऊचा होतो. मार्चपर्यंत तो तिथेच बसतो. आणि सपोर्टची पाळी असेल तर हे माझे नियम लागू नाहीत. तिथे पाळीचा तक्ता, तिचा भत्ता किंवा बदली सुट्टी लेखी आहे का, ते बघ.

१०. कायद्याच्या जोरावर भांडायला जाऊ नकोस — कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारायचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. ऑस्ट्रेलियात २०२४च्या ऑगस्टपासून तसा हक्क आहे, आणि नकार वाजवी की अवाजवी हे ठरवताना तिथे पाहतात ते आपल्यालाही उपयोगी आहे: संपर्काचं कारण काय, त्याने किती व्यत्यय आला, जादा वेळेचे पैसे मिळतात का, पद किती जबाबदारीचं, घरची परिस्थिती काय. पगारात ऑन-कॉलचे पैसे घेत असशील तर तुझी बाजू लंगडी, हे तुझं तूच ओळखशील.

११. एवढं करूनही रोज रात्री मेसेज येतच राहिले तर दोन आठवडे एका कागदावर तारीख, वेळ, विषय आणि ‘सकाळी चाललं असतं का’ एवढं लिहून ठेव — ‘तुम्ही नेहमी रात्री लिहिता’ यावर वाद होतो, कागदावर होत नाही. तो त्यांच्यासमोर ठेवून विचार, ‘सर, यातले कोणते मी रात्रीच करायला हवे होते?’ बऱ्याच जणांना आपण इतक्यांदा लिहितो हे ठाऊकच नसतं. तरी ते आवाज चढवून ‘सगळेच’ म्हणाले, तर ही सवयीची गोष्ट उरत नाही. मग तोच कागद घेऊन त्यांच्या वरच्यांकडे किंवा एचआरकडे जायचं, आणि शक्यतो टीममधलं आणखी कुणी सोबत घेऊन. एकटीने गेलीस तर ‘हिलाच जमत नाही’ म्हणून विषय संपवतात.

१२. पुढच्या वर्षी तूही टीम लीड होशील, आणि तुलाही रात्री अकराला काहीतरी आठवेल — तेव्हा खुशाल लिही, पण टीम्समध्ये किंवा स्लॅकमध्ये ‘शेड्यूल सेंड’ दाबून सकाळची साडेनऊची वेळ लाव.