भांडणाची नोंद : प्रत्येक मुलाचं म्हणणं वेगळं

मधल्या सुट्टीत मारामारी झाली की "लेखी द्या" असं सांगितलं जातं. मग घाईत कागदावर येतं : "ब हा खोडकर विद्यार्थी असून नेहमी त्रास देतो. आज त्याने अ ला मुद्दाम ढकलले." यातले 'खोडकर', 'नेहमी' आणि 'मुद्दाम' हे तिन्ही शब्द लिहिणाऱ्याचे निष्कर्ष आहेत. पालक विचारतात, "नेहमी म्हणजे कधी?" आणि मूळ त्रास बाजूला राहतो.

चौथीतल्या मुलांचं एक नमुना उदाहरण घेऊ. आधी जखम बघा. मग प्रत्येकाला एकट्याला, इतरांना ऐकू जाणार नाही अशा जागी बसवा. ज्याला लागलं त्याचं आधी ऐका. "काय झालं ते पहिल्यापासून सांग," एवढंच विचारा, आणि तो थांबला की "मग?" म्हणा. "त्यानं ढकललं ना?" असं विचारलं तर बरीच मुलं गुरुजींच्या हो ला हो म्हणतात. पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका. शब्द मुलाच्या बोलीतलेच लिहा आणि शेवटी त्याला वाचून दाखवा.

नोंद अशी होईल :

मी पाहिले : दुपारी १.१० वाजता अ वर्गात रडत आला. उजवे कोपर खरचटलेले, सदरा ओला. ढकलताना मी पाहिले नाही.

अ चे म्हणणे : "मी नळावर पाणी पीत होतो. ब नं मागनं ढकललं. तो मला रोज जाड्या म्हणतो. काल बाटली लपवली."

ब चे म्हणणे : "तो नळ सोडतच नव्हता. माझा धक्का लागला. जाड्या तर सगळेच म्हणतात."

क (जवळ उभा होता) : "ब नं दोन्ही हातांनी ढकललं. सगळे हसले."

'धक्का लागला' आणि 'ढकललं' यांतला फरक तसाच राहू द्या, दोन्ही मिळून एक गोष्ट बनवू नका. दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण" म्हटलं असतं, तर 'सगळेच म्हणतात' हे वाक्य बाहेर आलंच नसतं. प्रश्न एका धक्क्याचा नाही. एकाच मुलाला अनेक जण पुन्हा पुन्हा चिडवतात, हा आहे. म्हणून 'रोज' म्हणजे कधी, कुठे, समोर कोण होतं, हे अ ला विचारून लिहा.

तटस्थ भाषा म्हणजे "दोघांचीही चूक" असं लिहिणं नव्हे. तोही निष्कर्षच आहे.

एक मर्यादा मात्र पाळा. बोलण्यात लैंगिक स्वरूपाचं काही आलं तर चौकशी तिथेच थांबवा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सो कायदा २०१२ नुसार ते बंधनकारक आहे.

नोंदीच्या शेवटी पालकांना किती वाजता कळवलं आणि अ शी पुन्हा कोणत्या तारखेला बोलणार, या दोन ओळी लिहा. त्या तारखेला 'जाड्या' थांबलं का, हे अ लाच एकट्याला विचारा.