व्यवसायातील खंड : मराठी मसुदा आणि इंग्रजी अर्ज



रुग्णाचा इतिहास घेताना तो मधलेच काही महिने गाळून पुढे जाऊ लागला, की आपण नेमके तेथेच थांबतो व पुन्हा विचारतो. नोकरीचा अर्ज वाचणाराही हेच करतो. तरीही आपल्यापैकी अनेकजण, विशेषतः वैद्य भगिनी, व्यवसायातील खंड अर्जात मोघम शब्दांनी झाकू पाहतात. प्रस्तुत लेखात एका अर्जाचे उदाहरण घेऊन हा खंड मराठीत खरेपणाने कसा मांडावा आणि तेथून तो इंग्रजीत परिणामकारकपणे कसा न्यावा, याचा विचार केला आहे.

उदाहरण

कायचिकित्सा विषयात एम.डी. केलेल्या एका वैद्य भगिनीने जुलै 2018 अखेर एका विश्वस्त रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारीपद सोडले. एप्रिल 2022 पासून भरावयाच्या, परराज्यातील आयुर्वेद रुग्णालयातील पदासाठी तिला इंग्रजीत अर्ज करावयाचा होता. मध्ये 44 महिन्यांचा खंड होता. तिने माझ्याकडे आणलेल्या अर्जात याविषयी एकच वाक्य होते : "ड्यू टू सम अनअव्हॉइडेबल फॅमिली प्रॉब्लेम्स आय वॉज कम्पेल्ड टू लीव्ह माय जॉब."

या वाक्यात खोटे काही नाही. पण त्यातून कळतही काही नाही. 'प्रॉब्लेम्स' या शब्दाने वाचणारा नाही नाही त्या शंका घेतो, आणि अडचण संपली की अजून चालू आहे, हेही त्याला समजत नाही.

मराठी मसुदा

मी तिला इंग्रजी बाजूस ठेवून मराठीत लिहावयास सांगितले. चारच प्रश्न दिले : काम केव्हा थांबले, का थांबले, त्या काळात प्रत्यक्ष काय केले, आणि आज परिस्थिती कशी आहे. प्रत्येक उत्तराला महिना व वर्ष हवे, आणि एका कालखंडाचा शेवट व पुढच्याचा आरंभ यांत फट राहता कामा नये.

तिने लिहिले, की सासूबाईंना पक्षाघात झाला आणि त्यांची शुश्रूषा मार्च 2022 पर्यंत चालली. मी मृत्यूची तारीख विचारली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जानेवारी 2021."

म्हणजे 14 महिने सासूबाईंच्या आजारपणाखाली लपविले होते. खरी हकीकत अशी : ऑगस्ट 2018 ते जानेवारी 2021 हे 30 महिने शुश्रूषेचे. पुढील चार महिने ती पार थकली होती. रुग्ण पाहण्याचा आत्मविश्वासही गेला होता. जून 2021 पासून मार्च 2022 पर्यंत, म्हणजे दहा महिने, आठवड्यातून तीन दिवस ती एका ज्येष्ठ वैद्यांच्या बाह्यरुग्ण विभागात विनावेतन बसली. "ते काय काम आहे?" असे तिचेच मत होते. पण तिच्या वहीत, त्या वैद्यांच्या देखरेखीखाली घेतलेले 60 रुग्णांचे इतिहास तारखेसह नोंदलेले होते. ज्या काळाची तिला लाज वाटत होती, त्यातच तिच्या अर्जाचे खरे बळ होते.

राहिले ते चार महिने. ते कशानेही भरू नयेत. मात्र थकव्याचे वर्णनही आवश्यक नाही. आपली प्रत्येक खाजगी गोष्ट सांगण्याचे बंधन अर्जदारावर नसते. जे सांगितले ते खरे असावे आणि तारखा अखंड असाव्यात, एवढे बंधन पुरेसे आहे. स्वतःच्या आजारपणाचा खंड असल्यास व्याधीचे नाव न देता 'प्रकृतीच्या कारणास्तव' म्हणता येते; पण 'आता पूर्ण बरी आहे' हे तसे असेल तरच लिहावे.

इंग्रजीत नेताना

येथे तीन ठिकाणी पाऊल घसरते. पहिले, 'नोकरी सोडावी लागली' ही आपली सहज रचना. मराठीत ती नम्र वाटते. इंग्रजीत 'वॉज कम्पेल्ड' म्हटले की अर्जदार अगतिक दिसतो. निर्णय तिचाच होता, म्हणून 'आय लेफ्ट' हेच योग्य आणि खरेही.

दुसरे, 'इतिहास घेत असे' याचे 'आय यूज्ड टू टेक'. या इंग्रजी रचनेतून 'पूर्वी घेत असे, आता घेत नाही' असा ध्वनी निघतो. त्याऐवजी साधा भूतकाळ व कालावधी द्यावा : 'आय टुक', अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत.

तिसरे, 'सेवा' म्हणजे 'सर्व्हिस' नव्हे. सासूबाईंच्या सेवेला 'सर्व्हिस' म्हटले तर वाचणारा ती नोकरी समजेल. तेथे 'केअर' हवे. शिवाय घरच्या शुश्रूषेस वैद्यकीय अनुभव म्हणून गणू नये. अनुभवाची वर्षे प्रमाणपत्रांशी ताडून पाहिली जातात आणि तेथे ही गणना टिकत नाही.

अखेर तयार झालेला परिच्छेद उच्चारानुसार असा :

"ॲट द एन्ड ऑफ जुलाय 2018 आय लेफ्ट फुल-टाइम वर्क टू केअर फॉर माय मदर-इन-लॉ आफ्टर अ स्ट्रोक. शी डाइड इन जॅन्युअरी 2021. आय डिड नो क्लिनिकल वर्क अंटिल जून 2021. फ्रॉम जून 2021 टू मार्च 2022 आय अटेंडेड अ सीनियर वैद्याज ओपीडी थ्री डेज अ वीक, अनपेड, ॲन्ड टुक 60 केस हिस्टरीज अंडर हिज सुपरव्हिजन. माय रजिस्ट्रेशन रिमेन्ड व्हॅलिड थ्रूआऊट, ॲन्ड आय ॲम अव्हेलेबल फुल-टाइम फ्रॉम एप्रिल 2022."

यात विनवणी नाही, क्षमायाचनाही नाही. कारण एका वाक्यात आटोपले आहे आणि परिच्छेद तिच्या उपलब्धतेवर संपतो. वाचणाऱ्याच्या मनात शेवटचे तेच राहते. पत्रात हा परिच्छेद शिक्षण व पूर्वानुभव यांच्यानंतर घालावा, आरंभी नव्हे. परिचयपत्रात याच तारखांची एक ओळ पुरे. दोन्हीकडच्या तारखा मात्र तंतोतंत जुळाव्यात.

उलट भाषांतराची कसोटी

अर्ज पाठविण्यापूर्वी मराठी मसुदा न पाहिलेल्या व्यक्तीकडून इंग्रजी परिच्छेदाचे मराठी करून घ्यावे. मसुद्यात नसलेली एखादी गोष्ट त्यात आढळली, तर ती इंग्रजीत शिरलेली अतिशयोक्ती समजावी. या भगिनीच्या एका आप्ताने मध्यंतरी 'अटेंडेड' खोडून 'अंडरवेंट ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग' असे घातले होते. मराठी करताना त्याचे 'प्रगत प्रशिक्षण घेतले' झाले आणि तिने स्वतःच ते काढून टाकले. तसे प्रशिक्षण नव्हते, प्रमाणपत्रही नव्हते. त्याऐवजी त्या ज्येष्ठ वैद्यांकडून कालावधी, दिवस व कामाचे स्वरूप नमूद केलेले पत्र तिने घेतले.

मुलाखतीत तिला त्या चार महिन्यांविषयीच विचारले गेले. "मी विश्रांती घेतली. त्यानंतर थेट रुग्ण पाहण्याऐवजी आधी ज्येष्ठांजवळ बसणे मला योग्य वाटले," असे तिने सांगितले. पुढचा प्रश्न वहीतील रुग्णांविषयी होता. रुग्णांची नावे झाकून तिने वही सोबत नेली होती.

मुलाखतीस जाताना मराठी मसुद्याची प्रत अवश्य जवळ ठेवावी. प्रश्न इंग्रजीत आला तरी उत्तर आठवायचे असते ते त्या मसुद्यातूनच.