शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू केव्हा थांबवावी?

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांत न अडलेली शस्त्रक्रिया बहुधा हंगाम पाहून ठरते. अंतर्गळ, म्हणजे ज्याला सर्वजण हर्निया म्हणतात तो, जांघेत वर्ष दोन वर्षे फुगत राहतो. परंतु कापसाची वेचणी उरकल्याशिवाय रुग्ण रुग्णालयाची पायरी चढत नाही. तपासणी आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया यांच्यामध्ये त्यामुळे दीड-दोन महिने सहज जातात. हे दिवस वाया गेले असे सामान्यतः मानले जाते. बिडी ओढणाऱ्या किंवा खर्रा खाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र जखम भरणे आणि भूल सुरक्षित पार पडणे या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी याच दिवसांवर अवलंबून असतात.

किती आठवडे आधी तंबाखू थांबवावी, या प्रश्नाचे आजचे उत्तर ‘किमान चार, सहा ते आठ मिळाले तर अधिक चांगले’ असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातही चार आठवड्यांची मर्यादा दिली असून, त्यापुढील प्रत्येक तंबाखूमुक्त आठवड्याने परिणामांत आणखी सुधारणा होते असे म्हटले आहे. हा आकडा चारच का, हे समजण्यासाठी तंबाखू बंद केल्यावर शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे.

प्रत्येक अवयवाचे घड्याळ वेगळे

बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि जितक्या हिमोग्लोबिनला तो चिकटला तितके प्राणवायू वाहून नेण्याच्या कामी येत नाही. भूलतज्ज्ञ रुग्णाच्या बोटाला जो चिमटा लावून प्राणवायूचे प्रमाण पाहतात, ते साधे यंत्र या दूषित हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्तच समजते. पडद्यावर आकडा उत्तम आणि शरीरात प्राणवायू कमी, असा फसवा प्रकार त्यामुळे होऊ शकतो. सुदैवाने हा वायू बारा ते चोवीस तासांत बव्हंशी निघून जातो. निकोटिनचा अंमलही दिवसाभरात ओसरतो. त्यामुळे जोरात चालणारे हृदय, चढलेला रक्तदाब आणि आकुंचन पावलेल्या बारीक रक्तवाहिन्या पूर्वपदावर येऊ लागतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बिडी सोडण्याचा लाभ एवढाच, पण तो खरा आहे.

फुप्फुसांचे घड्याळ सावकाश चालते. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात व ते कफ वर ढकलीत असतात. धुराने ते मंदावतात, कफ साचतो आणि नलिका चिडखोर बनते. अशा रुग्णाच्या घशात भुलेची नळी घालताना किंवा काढताना श्वासनलिका एकदम आकुंचित होण्याचा, आणि शस्त्रक्रियेनंतर छातीत जंतुसंसर्ग होण्याचा धोका अधिक असतो. हे अस्तर सुधारण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि श्वसनाच्या उपद्रवांत स्पष्ट घट दिसते ती चार आठवड्यांच्या सुमारास.

जखमेचे तसेच आहे. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्या कामासाठी प्राणवायू लागतो. जखम सांधणारे कोलॅजन तयार होण्यासही तो लागतो. तंबाखूने रक्तपुरवठा आणि या पेशींची शक्ती दोन्ही घटतात. जंतूंशी लढण्याची शक्ती सुमारे चार आठवड्यांत परत येते. कोलॅजन विणणाऱ्या पेशी मात्र तेवढ्या अवधीत पूर्णपणे सावरत नाहीत, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे चार आठवड्यांत जखम पिकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. तिच्या सांध्याची मजबुती अधिक काळ मागते.

डेन्मार्कमधील दोन अभ्यास या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलण्याची वाट पाहणाऱ्या १२० धूम्रपानी रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला सहा ते आठ आठवडे आधीपासून समुपदेशन व निकोटिनचा पर्यायी पुरवठा देऊन धूम्रपान सोडण्यास मदत करण्यात आली. शस्त्रक्रियेनंतर या गटात शेकडा १८ जणांना काही ना काही उपद्रव झाला. मदत न मिळालेल्या गटात शेकडा ५२ जणांना झाला. केवळ जखमेचे उपद्रव पाहिले तर हे प्रमाण ५ आणि ३१ असे होते. दुसरा अभ्यास २००३ चा. त्यात निरोगी स्वयंसेवकांच्या अंगावर मुद्दाम लहान छेद घेऊन पाहिले असता, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या शेकडा १२ जखमा पिकल्या, कधीही न ओढणाऱ्यांच्या शेकडा २. चार आठवडे धूम्रपान थांबविल्यावर घेतलेल्या छेदांत हे प्रमाण उतरले. विशेष म्हणजे निकोटिनची पट्टी लावणाऱ्यांतही ते तसेच उतरले. ज्यांना पट्टीच्या आधाराशिवाय राहवत नाही, त्यांना ती लावण्यास भिण्याचे कारण नाही, हे त्यावरून दिसते.

खर्ऱ्याचा निराळा प्रश्न

वरील बहुतेक पुरावा धूम्रपानाचा आहे. महाराष्ट्राचे चित्र त्याहून वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील प्रौढांपैकी शेकडा ३.८ धूम्रपान करणारे आढळले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे शेकडा २४.४. विदर्भात या दुसऱ्या वर्गाचे ठळक रूप म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. तथापि खर्ऱ्याचे व्यसन गावोगाव टिकून आहे.

खर्ऱ्यात धूर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही आणि फुप्फुसाची हानी तशी नाही. निकोटिन मात्र भरपूर आहे. खाण्याच्या तंबाखूने जखमेवर नेमका किती परिणाम होतो याचे पुरावे धूम्रपानाइतके भक्कम नाहीत. तरीही चार आठवड्यांचा नियम त्यालाही लावणे शहाणपणाचे ठरते. खरा धोका सुपारीत आहे. वर्षानुवर्षे सुपारी चघळल्याने गालाच्या आतले अस्तर पांढुरके, ताठर होत जाते व तोंड उघडेनासे होते. तिखट लागताच आग होणे ही त्याची पहिली खूण.

भूलतज्ज्ञाला घशात नळी घालावयाची तर तोंड पुरेसे उघडावे लागते. तीन बोटे एकावर एक धरून ती वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी जातात का, ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. दोनच बोटे जात असतील तर नळी घालणे कठीण होऊ शकते. एकच जात असेल तर नेहमीच्या पद्धतीने ती बहुधा घालता येणार नाही आणि लवचिक दुर्बिणीच्या साहाय्याने, रुग्ण जागा असतानाच नाकावाटे ती घालावी लागते. ही सोय प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असेलच असे नाही. येथे आठवड्यांचा हिशेब उपयोगी पडत नाही, कारण खर्रा थांबविल्याने ताठरपणा वाढण्याचे थांबते, पण मिटलेले तोंड चार आठवड्यांत उघडत नाही. म्हणून ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, पहिल्या भेटीतच सांगितली पाहिजे. म्हणजे रुग्णाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी वेळेवर पाठविता येते.

एका रुग्णाचा हिशेब

उदाहरणादाखल दारव्हा तालुक्यातील पन्नाशीचा एक शेतकरी कल्पावा. दिवसाला पंधरा बिड्या, शिवाय दोन खर्रे. जांघेतील अंतर्गळ आडवे झाल्यावर आत जातो, दुखत नाही. डिसेंबरच्या मध्यात तपासणी होऊन १२ फेब्रुवारी ही तारीख मिळते. या तारखेपासून मागे मोजले तर आठ आठवडे १८ डिसेंबरला, सहा आठवडे १ जानेवारीला आणि चार आठवडे १५ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास पडतात. त्याने १ जानेवारी हा दिवस धरावा. मध्ये एखादा दिवस घसरला तरी संक्रांतीपर्यंतचे पंधरा दिवस हाताशी राहतात.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठ होते. खोकला व कफ वाढल्यासारखा वाटतो. या कफामुळेच एक जुना समज रूढ झाला आहे. शस्त्रक्रियेच्या थोडे आधी बिडी सोडल्यास छातीचे उपद्रव उलट वाढतात, असे १९८९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासावरून मानले जाऊ लागले. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा, उशिरा सोडण्याने धोका वाढतो असे दिसले नाही. तेव्हा हा शेतकरी फेब्रुवारी उजाडेपर्यंत काही करू शकला नाही तरी ‘आता सोडून काय उपयोग’ असे कोणी त्याला सांगू नये. फार तर शस्त्रक्रिया दोन-तीन आठवडे पुढे नेता येईल काय, हे शल्यचिकित्सकाला विचारावे.

निकोटिनचा च्युइंगगम घेतल्यास तो खर्ऱ्यासारखा सारखा चघळावयाचा नाही. चुरचुर जाणवेपर्यंत सावकाश चावून गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावा आणि पुन्हा थोडा चावावा. तोंड कमी उघडणाऱ्यास पट्टी सोयीची. दोन्ही वैद्यकीय सल्ल्याने घ्यावीत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर विनामूल्य समुपदेशन मिळते.

‘कमरेत इंजेक्शन देऊन करणार, मग बिडीचा काय संबंध?’ ही शंका घरची माणसे हमखास काढतात. कमरेतील भूल कधी कधी पुरी पडत नाही आणि पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा तोंडाचा व फुप्फुसाचा प्रश्न उभा राहतोच. शिवाय हर्नियाच्या जागी बहुधा कृत्रिम जाळी बसवितात. तेथे जंतूंनी घर केले तर जखम महिनोन्‌महिने वाहते, प्रसंगी जाळी काढावी लागते. बिडीच्या खोकल्याने नव्या टाक्यांवर ताण येतो तो वेगळाच.

तातडीच्या प्रसंगी यातील एकही आठवडा मोजावयाचा नाही. अंतर्गळाचा फुगा कडक होऊन आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजून त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. अडलेले बाळंतपण, आंत्रपुच्छाचा दाह, कर्करोग यांनाही हेच लागू आहे. अशा वेळी शेवटची बिडी किंवा खर्रा केव्हा घेतला ते भूलतज्ज्ञाला खरे सांगावे आणि गालातला तोबरा काढून तोंड धुवावे. राहिलेला सुपारीचा तुकडा भुलेत श्वासनलिकेत उतरू शकतो.

दारव्ह्याच्या शेतकऱ्याची शस्त्रक्रिया १२ फेब्रुवारीला झाली, तर २६ मार्चला तिला सहा आठवडे पूर्ण होतील. तोवर जड ओझे नको आणि बिडी-खर्राही नको, कारण कोलॅजन याच दिवसांत विणले जात असते. भेटीला येणारे सोबती खिशातून पुडी काढून पुढे करतात ते याच काळात. खरिपाच्या पेरणीला त्यानंतरही दोन महिने उरतात.