इंग्लंडमधील घराचे खरेदीखत सहीपूर्वी कसे वाचावे?

प्रश्न : लेस्टरमध्ये राहणाऱ्या एका मराठी दाम्पत्याने १९३० च्या दशकात बांधलेले, शेजारच्या घराला एका बाजूने जोडलेले फ्रीहोल्ड घर ४,२०,००० पौंडांना घेण्याचे ठरवले आहे. त्यांपैकी ३,००,००० पौंड बँकेचे कर्ज, ६०,००० पौंड पत्नीच्या पुण्यातील वडिलांनी दिलेले आणि ६०,००० पौंड दोघांच्या बचतीतले आहेत. सॉलिसिटरने ‘टीआर-१’ नावाचा फॉर्म सहीसाठी पाठवला असून सोबत लँड रजिस्ट्रीचा उतारा व नकाशा जोडला आहे. वडिलांची शंका अशी, की या कागदात चतुःसीमा नाहीत, क्षेत्रफळ नाही आणि पैसे देणाऱ्याचे नावही नाही, तर तो खरेदीखत म्हणून कसा चालतो आणि सहीपूर्वी काय तपासावे?

उत्तर : महाराष्ट्रातील खरेदीखतात पक्षकार, मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, बोजा आणि अटी हे सारे एकाच दस्तात लिहिलेले असते, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते ती त्या दस्ताची, आणि विक्रेत्याच्या मालकीची हमी सरकार त्यातून देत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये मात्र मालकीचीच नोंद सरकारी रजिस्टरमध्ये असते व तिच्यामागे सरकारची हमी असते, त्यामुळे टीआर-१ हा हस्तांतरणाचा दस्त केवळ दोन-तीन पानांचा असतो आणि मिळकतीची ओळख एका टायटल नंबरने पटते. म्हणून वडील जे शोधत आहेत त्यातील बहुतेक गोष्टी टीआर-१ मध्ये नसून सोबतच्या उताऱ्यात व नकाशात आहेत आणि हे तिन्ही कागद एकत्र वाचल्याशिवाय खरेदीखत वाचले असे म्हणता येत नाही. उताऱ्याचे तीन भाग असतात : पहिल्यात मिळकत व तिला लाभलेले हक्क, दुसऱ्यात मालक व त्याच्या विक्रीच्या अधिकारावरील निर्बंध, तिसऱ्यात बोजे. (स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे असल्याने पुढील विवेचन तेथे लागू नाही.)

पक्षकार

टीआर-१ च्या चौथ्या रकान्यात विक्रेता व पाचव्यात खरेदीदार असतो. विक्रेत्याचे नाव उताऱ्याच्या दुसऱ्या भागातील मालकाच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे; लग्नानंतर नाव बदलले असेल किंवा सहमालकापैकी एकाचे निधन झाले असेल, तर तसा पुरावा नोंदणीच्या अर्जासोबत जोडावा लागतो. खरेदीदारांनीही आपली नावे पासपोर्टप्रमाणे द्यावीत, कारण वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून एका कागदावर असते व दुसऱ्यावर गळते, आणि हा फरक पुढे विक्रीच्या वेळी अडचणीचा ठरतो.

वडिलांचे नाव दस्तात नसण्याचे कारण बँकेच्या अटीत आहे. कर्ज देणाऱ्या बँका सामान्यतः नातेवाइकाकडून असे पत्र लिहून घेतात, की दिलेली रक्कम बक्षीस आहे, ती परत मागितली जाणार नाही आणि घरात तिच्यामुळे कोणताही हक्क निर्माण होणार नाही. वडिलांनी या पत्रावर सही केली, की ६०,००० पौंडांवरील त्यांचा दावा संपतो. ही रक्कम प्रत्यक्षात उसनी असेल, तर तसे बँकेला व सॉलिसिटरला आधीच सांगितले पाहिजे, कारण बक्षीस म्हणून लिहून देणे आणि घरात कर्ज म्हणून समजणे ही बँकेची दिशाभूल होते.

मात्र पित्याने मुलीला दिलेली रक्कम मुलीच्या वाट्याला राहावी, ही इच्छा दस्तात उतरवता येते आणि त्यासाठी दहावा रकाना आहे. तेथे तीन पर्याय असतात. पहिला ‘जॉइंट टेनंट्स’ म्हणजे अविभक्त सहमालकीचा. त्यात दोघांचे वेगळे हिस्से नसतात आणि एकाच्या मृत्यूनंतर सारे घर मृत्युपत्र काहीही असले तरी हयात जोडीदाराकडे जाते. दुसरा समान हिश्श्यांच्या ‘टेनंट्स इन कॉमन’चा, म्हणजे विभक्त सहमालकीचा असून त्यात प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो. तिसऱ्यात हिस्से हवे तसे लिहिता येतात. बचतीतला वाटा दोघांचा सारखा आहे असे धरले, तर येथे असे ठरवता येईल, की घर विकल्यावर कर्ज फेडून उरलेल्या रकमेतून आधी ६०,००० पौंड पत्नीला मिळावेत व बाकीचे दोघांत समान वाटले जावेत. पहिल्या पर्यायावर खूण केली, तर नंतर वाटे वेगळे केले तरी ते अर्धे-अर्धेच मानले जातात आणि वडिलांच्या रकमेचा वेगळा विचार सहसा होत नाही. पती-पत्नीच्या घटस्फोटात न्यायालयाला वेगळी वाटणी करण्याचा अधिकार असतो हे खरे, तरी कुटुंबाचा हेतू काय होता याचा लेखी पुरावा असल्याचा उपयोग तेथेही होतो.

सहीबाबत एक नियम कडक आहे. १९८९ च्या कायद्यानुसार दस्तावरील सही साक्षीदारासमोर व्हावी लागते. एका पक्षकाराला दुसऱ्याच्या सहीचा साक्षीदार होता येत नाही आणि व्हिडिओ कॉलवरून पाहिलेली सही लँड रजिस्ट्री ग्राह्य धरत नाही.

सीमा

सोबतच्या नकाशात मिळकतीभोवती लाल रेघ असते आणि तीच तारेच्या कुंपणाइतकी नेमकी आहे असा समज बहुतेक खरेदीदारांचा होतो. २००२ च्या भूमी नोंदणी कायद्याचे साठावे कलम सांगते, की ही रेघ फक्त सर्वसाधारण सीमा दाखवते, नेमकी कायदेशीर सीमा दाखवत नाही. शहरी भागातील नकाशे साधारणपणे १:१२५० या प्रमाणात असतात, म्हणजे कागदावरील एक मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर होतो, आणि अर्धा मिलिमीटर जाडीची रेघच जमिनीवर साठ सेंटिमीटरहून अधिक जागा व्यापते. कुंपण दोन वीत सरकले की नाही, हे अशा नकाशावर पट्टी ठेवून ठरवता येत नाही.

त्यामुळे चतुःसीमेचे काम येथे दुसऱ्या मार्गाने करावे लागते. उताऱ्यात एखाद्या जुन्या दस्ताचा उल्लेख असेल, तर त्याची प्रत मागवावी. तिच्या नकाशावर कुंपणाला टेकलेली इंग्रजी टी अक्षरासारखी खूण ज्या बाजूला असते, त्या बाजूच्या मालकाकडे त्या कुंपणाची जबाबदारी असते, परंतु दस्ताच्या मजकुरात त्या खुणेचा उल्लेख नसेल तर तिचे वजन फारसे नसते. विक्रेत्याने भरलेल्या माहितीपत्रकात कोणते कुंपण कोण सांभाळते आणि शेजाऱ्यांशी वाद झाला आहे का, ही उत्तरे असतात. ती हाती घेऊन कुटुंबाने प्रत्यक्ष जागेवर फिरावे आणि गॅरेज, शेड किंवा मोटार न्यायची वाट लाल रेघेच्या आत आहे ना, हे पाहावे. वाट दोन घरांत सामाईक असेल, तर तिच्यावरून जाण्याचा हक्क उताऱ्याच्या पहिल्या भागात लिहिलेला असला पाहिजे. ‘आजवर सगळे जातच आले आहेत’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

बोजे

तिसऱ्या भागात अशा घराबाबत सहसा दोन प्रकारच्या नोंदी सापडतात आणि त्यांचे स्वरूप अगदी भिन्न असते. विक्रेत्याच्या बँकेचा तारण-बोजा हा पैशाने सुटणारा आहे : ताबा देण्याच्या दिवशी विक्रीच्या रकमेतून कर्ज फेडण्याची लेखी हमी विक्रेत्याचा सॉलिसिटर देतो, बँक मुक्ततेची सूचना लँड रजिस्ट्रीला पाठवते आणि नोंद निघून जाते.

दुसरी नोंद १९३० च्या दशकातील मूळ विक्रीच्या वेळच्या निर्बंधांची असते. घर एकाच कुटुंबाच्या राहण्यासाठी वापरावे, तेथे व्यापार करू नये, मूळ बांधकाम करणाऱ्याच्या संमतीशिवाय वाढीव बांधकाम करू नये, अशा तिच्या अटी असतात. १८४८ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकातील बागेविषयीच्या ‘टल्क विरुद्ध मॉक्सहे’ या खटल्यात असे ठरले, की निर्बंधाची माहिती असताना जमीन घेणाऱ्यालाही तो पाळावा लागतो, आणि त्या तत्त्वामुळेच असा निर्बंध आज खरेदीदारावर येतो. कुटुंबाला पुढे मागच्या बाजूला खोली वाढवायची असेल, तर ही नोंद सहीपूर्वीच सॉलिसिटरला दाखवावी. नगरपालिकेची परवानगी मिळाली म्हणून निर्बंध सुटत नाही. जुन्या निर्बंधाविरुद्ध विमा घेता येतो, पण ज्याच्या हाती तो निर्बंध बजावण्याचा हक्क असू शकेल त्याला आधीच पत्र लिहून विचारले, तर विमा कंपनी सहसा विमा नाकारते. म्हणून सॉलिसिटरला विचारल्याशिवाय कोणाशीही पत्रव्यवहार करू नये.

उताऱ्यात न दिसणारा एक बोजा असतो तो घरात राहणाऱ्या माणसाचा. १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बोलंड खटल्यात निकाल दिला, की नावावर नसलेल्या पण पैसे घातलेल्या व घरात राहणाऱ्या पत्नीचा हक्क बँकेवरही बंधनकारक असतो. विक्रेत्याकडे त्याचे आई-वडील किंवा सज्ञान मूल राहत असेल, तर त्यांची घर सोडण्याबद्दलची लेखी संमती मागावी; आणि पुण्यातील वडील पुढे लेकीकडे राहायला येणार असतील, तर कर्ज देणारी बँक याच कारणाने त्यांच्याकडून हक्क सोडल्याचा फॉर्म भरून मागू शकते. ती सही करण्यापूर्वी त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

अटी

विक्रीच्या अटी मुख्यतः टीआर-१ च्या आधी होणाऱ्या करारात असतात. कराराच्या प्रतींची अदलाबदल झाली, की तो बंधनकारक होतो. तोवर कोणताही पक्ष मागे फिरू शकतो, त्यानंतर खरेदीदार फिरला तर साधारण दहा टक्के, म्हणजे येथे ४२,००० पौंडांची अनामत गमावण्याची वेळ येते. म्हणून वरची सर्व तपासणी अदलाबदलीपूर्वी पूर्ण व्हावी आणि भारतातून येणारी रक्कमही तोवर सॉलिसिटरच्या खात्यात पोहोचलेली असावी. तिच्या उगमाचे पुरावे, म्हणजे बँकेची विवरणे किंवा विकलेल्या मिळकतीचे कागद, वेळेत तयार ठेवावे लागतात. भारतातील निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते, त्या मर्यादेत हे ६०,००० पौंड बसतात.

मालकी मिळाली तरी वापराचा प्रश्न वेगळा राहतो, याचे मोठे उदाहरण मराठी माणसांच्याच परिचयाचे आहे. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वास्तव्याचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. मालकीबद्दल वाद नव्हता; परंतु राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी कॅमडन कौन्सिलने नाकारली आणि चौकशीनंतर ती ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांकडून २०२० मध्ये मिळाली. दस्त व उतारा असा वापर ठरवत नाहीत, म्हणून कौन्सिलच्या नोंदींचा शोधही अदलाबदलीपूर्वीच घेतला जातो.

ताबा मिळाल्यानंतर १४ दिवसांत मुद्रांक कराचे विवरणपत्र भरावे लागते, आणि कायदेशीर मालकी लँड रजिस्ट्रीतील नोंदणीनेच पूर्ण होते. त्यासाठी सॉलिसिटर आधीच शोधाचा अर्ज करून ३० कामकाजाच्या दिवसांचे संरक्षण घेतो. त्या काळात नोंदणीचा अर्ज पोहोचला, तर मधल्या काळात कोणी दाखल केलेला बोजा खरेदीदाराच्या आड येत नाही. किल्ल्या हाती आल्या म्हणून फाइल मिटवू नये. नोंदणीनंतर नवा उतारा मागवून दोघांची नावे बरोबर आहेत, जुन्या बँकेची नोंद गेली आहे आणि विभक्त सहमालकी घेतली असल्यास तिचा निर्बंध दुसऱ्या भागात आला आहे, या तीन गोष्टी कुटुंबाने स्वतः पाहाव्यात आणि चूक आढळल्यास ती त्याच आठवड्यात सॉलिसिटरला लेखी कळवावी.