आधी पानाचा भाव विचार

भाचीबाई, मुलांच्या वर्कशीटसाठी प्रिंटर घ्यायचं ठरवलंस आणि नजर त्या साडेचार हजारांच्या खोक्यावर खिळली, हे फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. शेजारचा टँकवाला साडेबारा हजारांचा, म्हणून तू त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसशील. घे हवा तो, पण दुकानाची पायरी चढण्याआधी मामाचं एवढं ऐकून जा.

१. प्रिंटरची किंमत विचारलीस की त्याच दमात त्याच्या काळ्या शाईची किंमत विचार — कार्ट्रिजचे बरेच प्रिंटर स्वस्तात विकले जातात आणि खरी कमाई पुढे शाईवर होते. माझी म्हण लिहून ठेव : यंत्र येतं वाजतगाजत, शाई येते मोजतमोजत.

२. शाईच्या किमतीबरोबर ‘पेज यील्ड’ किती तेही विचार, म्हणजे एवढ्या शाईत किती पानं निघतात ते — नुसती किंमत ऐकून काहीच कळत नाही. छोट्या काळ्या कार्ट्रिजमधून जेमतेम शंभर-सव्वाशे पानं निघतात, तर टँकच्या काळ्या बाटलीतून चार-पाच हजार.

३. मग फोन काढ आणि दुकानातच भागाकार कर : शाईची किंमत भागिले पानं. समज, कार्ट्रिज ९०० रुपयांचं आणि पानं १२०, तर एका पानाची शाई साडेसात रुपयांची. बाटली ४०० रुपयांची आणि पानं ४,५००, तर पान नऊ पैशांच्या आसपास — हे आकडे मी हिशेबापुरते धरलेत, तू त्या दिवशीचे खरे घाल. कागद दोन्हीकडे तोच लागतो, म्हणून तो इथे धरला नाही.

४. खोक्यावरचा पानांचा आकडा तुलनेसाठी वापर, वचन म्हणून नको — तो ठरलेल्या नमुना पानांवरून काढतात आणि त्यात एकेक रंग पानाचा जेमतेम पाच टक्के भाग व्यापतो. तुझ्या धाकट्याने पानभर निळं आकाश आणि हिरवं रान छापायला लावलं, तर त्या एका पानात कितीतरी साध्या पानांची शाई जाईल.

५. आता दोन यंत्रांच्या किमतीतला फरक पानामागच्या बचतीने भाग. इथे फरक ८,००० रुपयांचा आणि बचत पानाला सुमारे ७ रुपये ४० पैसे, म्हणजे साधारण १,०८० पानं काळी छापली की टँकचे जादा पैसे वसूल — त्यानंतरचं प्रत्येक पान तुझ्या फायद्याचं.

६. ती १,०८० पानं तुझ्या घरात किती दिवसांत होतील, ते अंदाजाने न सांगता एक महिना मोजून बघ; झेरॉक्सवाल्याच्या चिठ्ठ्या डब्यात टाकत गेलीस तरी पुरे — घरात प्रिंटर नसताना आपल्याला वाटतं आपण रोजच छापू. महिन्याला ६० पानं होत असतील तर दीड वर्षात वसुली, १० होत असतील तर नऊ वर्षं.

७. आणि दहाच पानं होत असतील, तर टँकच्या मोहात पडू नकोस — शाई नुसती पडून राहिली की हेडच्या बारीक छिद्रांत सुकते, आणि बऱ्याच टँक प्रिंटरचं हेड यंत्रातच बसवलेलं असल्याने ते बदलणं महागात जातं. कार्ट्रिजच्या पुष्कळ प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं, त्यामुळे नवं कार्ट्रिज घातलं की हेडही नवं. कोपऱ्यावरच्या दुकानात पानाला पाच रुपये पडले, तरी महिन्याचे पन्नासच होतात. थोडं छापणाऱ्याने थोडंच बांधून घ्यावं.

८. रंगीत छपाईचा हिशेब वेगळा मांड, तिन्ही रंगांच्या किमती एकत्र धरून — रंगाच्या बाटल्यांवरचा पानांचा आकडा बहुधा तिन्ही मिळून दिलेला असतो, एकेकीचा नसतो. एकाच डबीत तीन रंग असलेलं कार्ट्रिज घेणार असशील तर आणखी सांभाळून, कारण निळा संपला की उरलेला पिवळा आणि गुलाबीही डबीसकट फेकावा लागतो.

९. टँकची पहिली बाटली लवकर संपली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस — पहिल्यांदा शाई भरताना तिचा काही भाग टाकीपासून हेडपर्यंतच्या नळ्या भरण्यात जातो. तुझा खरा भाव दुसऱ्या बाटलीपासून धर.

१०. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान छाप, मग ते स्वयंपाकघरातल्या यादीचं का असेना — शाई हलती राहिली की छिद्रं बुजत नाहीत. छापलेल्या ओळींत पांढऱ्या रेघा दिसू लागल्या किंवा एखादा रंग गायब झाला, तर छिद्रं बुजू लागलीत असं समज.

११. अशा वेळी आधी ‘नोझल चेक’चं पान काढ आणि त्यात रेघा तुटलेल्या दिसल्या तरच ‘हेड क्लीनिंग’ चालव — दर सफाईला शाई हेडमधून ओढून आतल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये टाकली जाते. एक तर तुझी शाई वाया, आणि पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो. मग पॅड बदलल्याशिवाय तो एकही पान देत नाही.

१२. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद कर, भिंतीवरचा स्विच त्यानंतर — बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. मध्येच वीज तोडली तर ते उघडं राहतं आणि सुकतं. बटण आधी, भिंत मागून. शाई टिकते तेवढ्यावरून.

१३. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नकोस आणि भरताना बाटलीवरचा क्रमांक यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून बघ — रिकाम्या टाकीतून नळीत हवा शिरली की ती काढायला पुन्हा शाईच खर्ची पडते. क्रमांक चुकला तर भलतीच शाई हेडमध्ये जाते, आणि मग वॉरंटीच्या वेळी उत्तर देताना तुझीच पंचाईत.

१४. टँक घेतलास तर पुढे नजर कागदावर ठेव, शाईवर नको — ५०० कागदांचं रीम ३०० रुपयांना धरलं तरी एक कागद साठ पैशांचा, म्हणजे नऊ पैशांच्या शाईच्या सहा-सात पट. वर्कशीट दोन्ही बाजूंनी छापलंस की तिथे खरी बचत. कार्ट्रिज घेतलास तर मात्र उलट : ‘ड्राफ्ट’वर आणि फक्त काळ्यात छापायची सवय मुलांनाही लाव.

तर मामाचा निकाल असा : महिन्याला पन्नासच्या वर पानं होत असतील तर टँक घे, जादाचे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतात. वीसच्या खाली असतील तर स्वस्तातलं कार्ट्रिज, नाहीतर सरळ झेरॉक्सचं दुकान. मधल्या आकड्यात असशील तर त्याच प्रिंटरला मोठं, ‘एक्सएल’ कार्ट्रिज मिळतं का ते विचार आणि त्याचाही भागाकार करून बघ. दुकानदार कितीही घाई करो, शाईची किंमत आणि पानांचा आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय पैसे काढू नकोस.